नागमोडी रेघ एकच, अर्थ दोन

कागदावर एक नागमोडी रेघ काढलेली असते. मधून आडवी सरळ रेषा, तिच्या वर तीन उंचवटे, खाली तीन खोलगे. प्रश्न ठरलेले: तरंगलांबी किती, आयाम किती, वारंवारिता किती, वेग किती? तरंग आणि ध्वनी शिकवताना ही आकृती मी किती वेळा फळ्यावर काढली असेल, त्याची गणती नाही. मुलांची नजर लगेच त्या वळणांकडे जाते. खरं म्हणजे ती आधी आडव्या अक्षाच्या टोकाकडे जायला हवी. तिथे ‘अंतर’ लिहिलंय की ‘काळ’, यावर पुढचं सगळं गणित ठरतं. रेघ दोन्हीकडे हुबेहूब सारखी दिसते, पण ती दोन वेगळ्या गोष्टी सांगत असते.

एक लांब दोरी घ्या. तिचं एक टोक हातात धरून वरखाली हलवत राहा आणि मध्येच तिचा फोटो काढा. त्या एका क्षणी दोरीचा कोणता भाग किती वर आहे आणि कोणता किती खाली, हे फोटोत दिसतं. आडव्या अक्षावर ‘अंतर’ असलेली आकृती म्हणजे हा फोटो. आता त्याच दोरीला एका जागी लाल दोरा बांधा आणि बाकी सगळं विसरून फक्त त्या दोऱ्याकडे बघत बसा. तो कोणत्या क्षणी किती वर होता आणि कधी किती खाली, याची नोंद ठेवत गेलात, की आडव्या अक्षावर ‘काळ’ असलेली आकृती तयार होते. पहिल्या आकृतीत वेळ थांबलेली आहे, दुसरीत जागा. म्हणून पहिलीतून तरंगलांबी मिळते, म्हणजे एका पूर्ण तरंगाची लांबी, आणि दुसरीतून दोलनकाळ, म्हणजे एका पूर्ण दोलनाला लागणारा वेळ.

आधी फोटो वाचू. आडवा अक्ष ० ते १२० सेंटिमीटर आणि त्यात तीन पूर्ण तरंग बसलेत. उंचवट्यांचे माथे १०, ५० आणि ९० सेंटिमीटरवर आहेत. १२० ला ३ ने भागलं की तरंगलांबी येते ४० सेंटिमीटर, म्हणजे ०.४ मीटर. माथ्यांवरून मोजलं तरी तेच उत्तर यायला हवं आणि नेमकी इथेच चूक होते. पहिल्या माथ्यापासून तिसऱ्यापर्यंत ८० सेंटिमीटर अंतर आहे. माथे तीन दिसतात म्हणून पुष्कळ जण ८० ला ३ ने भागतात. पण तीन माथ्यांमध्ये अंतरं दोनच असतात. ८० भागिले २, उत्तर पुन्हा ४०. दुसरी नेहमीची चूक मधल्या रेषेपाशी होते. रेघ ० वर मधल्या रेषेवर असते आणि लगेच २० वर पुन्हा तिथे येते. त्या दोन बिंदूंमध्ये अर्धाच तरंग असतो, कारण पहिल्या ठिकाणी रेघ चढत असते आणि दुसऱ्या ठिकाणी उतरत. तरंग पूर्ण झाला हे तेव्हाच म्हणायचं, जेव्हा उंचीही तीच आणि रोखही तोच.

उभ्या अक्षावर रेघ वर ३ सेंटिमीटरपर्यंत जाते आणि खाली उणे ३ पर्यंत. आयाम ३ सेंटिमीटर. माथ्यापासून तळापर्यंतचे ६ सेंटिमीटर म्हणजे आयाम नव्हे. आयाम मधल्या रेषेपासूनच मोजायचा.

आता वेग. नुसत्या फोटोतून तो कळणार नाही, कारण धावणाऱ्या माणसाचा एकच फोटो पाहून त्याचा वेग सांगता येत नाही. प्रश्नात वेळेची काहीतरी माहिती दिलेली असावी लागते. समजा, तरंगाला हे १२० सेंटिमीटर कापायला ०.६ सेकंद लागतात. १.२ मीटर भागिले ०.६ सेकंद, वेग आला सेकंदाला २ मीटर. मग `v = f × λ`, म्हणजे वेग बरोबर वारंवारिता गुणिले तरंगलांबी, यावरून वारंवारिता: २ भागिले ०.४, म्हणजे ५ हर्ट्झ. पडताळा तोंडी होतो. ०.६ सेकंदात तीन तरंग सरकले, तर एका सेकंदात पाच. जुळलं.

या सगळ्या आकडेमोडीत ३ सेंटिमीटर कुठेच आले नाहीत. आकृतीत आकडा दिसतोय म्हणजे तो सूत्रात कुठेतरी घालायलाच हवा, असं मुलांना वाटतं. पण दोरी दुप्पट जोराने हलवून आयाम ६ केला, तरी ताण आणि दोरी तीच असल्यावर तरंग तितक्याच वेगाने पुढे जातो. मात्र आयाम फारच वाढवला, तर दोरीचा ताण बदलू लागतो आणि हा नियम जसाच्या तसा लागू पडत नाही.

आयामाचा संबंध वेगळ्याच एका वेगाशी आहे. लाल दोरा दोरीबरोबर पुढे जात नाही, तो जागच्या जागी वरखाली होतो. एका दोलनात तो ३ वर, ३ खाली, आणखी ३ खाली आणि परत ३ वर, असे १२ सेंटिमीटर कापतो आणि सेकंदाला पाच दोलनं होत असल्याने तेही ०.२ सेकंदात. म्हणजे सरासरी सेकंदाला ०.६ मीटर. तरंगाचा वेग २ मीटर आणि दोऱ्याचा ०.६. ‘कणाचा वेग’ विचारला असताना तरंगाचा लिहिला, तर उत्तर पूर्ण चुकतं. आयाम दुप्पट केला, की दोऱ्याचा वेगही दुप्पट होतो. तरंगाचा वेग मात्र तसाच राहतो.

दोरा कुठे निघालाय, हा त्याहून फसवा प्रश्न. तो २० सेंटिमीटरवर बांधलाय आणि तरंग उजवीकडे चाललाय असं धरू. तिथे रेघ खाली उतरताना दिसते, म्हणून ‘दोरा खाली चाललाय’ असं उत्तर पटकन येतं. बटर पेपरवर ती रेघ गिरवा आणि कागद उजवीकडे किंचित सरकवा. २० च्या खुणेवर आता डावीकडचा भाग येतो आणि तो उंचवट्याचा आहे. म्हणजे दोरा वर निघालाय. बटर पेपर सरकवून बघणं मला कोणत्याही पाठ केलेल्या नियमापेक्षा जास्त भरवशाचं वाटतं.

काही आकृत्यांमध्ये ही सरकवलेली रेघ तुटक रेषेने काढून दिलेलीच असते. सलग रेघ सुरुवातीची, तुटक रेघ ०.०५ सेकंदानंतरची आणि माथा १० वरून २० वर आलेला. १० सेंटिमीटर भागिले ०.०५ सेकंद, पुन्हा सेकंदाला २ मीटर. पण इथे एक गोष्ट गृहीत धरलेली असते. सगळे माथे सारखेच दिसतात, त्यामुळे २० वर आलेला माथा १० वरचाच आहे, हे कशावरून? त्या वेळात तरंग १० सेंटिमीटर आणि वर आणखी एक पूर्ण तरंगलांबी, असा ५० सेंटिमीटरही सरकलेला असू शकतो. मग वेग सेकंदाला १० मीटर आणि वारंवारिता २५ हर्ट्झ. किंवा तो उलटा, डावीकडे ३० सेंटिमीटर गेलेला असेल. आकृती तिन्ही वेळा तीच दिसेल. म्हणून नीट घातलेल्या प्रश्नात तरंग उजवीकडे जातोय आणि एका तरंगलांबीपेक्षा कमी सरकलाय, असं स्पष्ट लिहिलेलं असतं. ते वाक्य नसेल, तर उत्तर एकच नाही.

आता तीच रेघ, पण ध्वनीची आणि आडव्या अक्षावर ० ते १२ मिलिसेकंद. उभ्या अक्षावर हवेच्या दाबातला फरक आणि आयाम ०.०३ पास्कल. हा साधारण बोलण्याइतका आवाज आहे. वातावरणाचा दाब सुमारे एक लाख पास्कल असतो, म्हणजे हा फरक सुमारे तेहतीस लाखांत एक भाग इतका लहान. ध्वनीसाठी हवा नागमोडी होत नाही. हवेचे कण पुढेमागे हलतात, काही ठिकाणी दाटी होते आणि काही ठिकाणी विरळपणा येतो. आकृतीतला माथा म्हणजे कानाशी दाटी असलेला क्षण, तळ म्हणजे विरळपणाचा.

१२ मिलिसेकंदांत तीन दोलनं, तर दोलनकाळ ४ मिलिसेकंद. १ भागिले ०.००४, वारंवारिता २५० हर्ट्झ. ही आकृती एकटी इतकंच सांगते. तरंगलांबी तिच्यात कुठेही नाही. ती हवी असेल तर हवेतला ध्वनीचा वेग द्यावा लागतो. तो सेकंदाला ३४० मीटर धरला, तर ३४० भागिले २५०, तरंगलांबी १.३६ मीटर.

याच आकृतीवर माझ्या एका विद्यार्थिनीने पट्टी ठेवली होती. कागदावर एक तरंग बरोबर ४ सेंटिमीटर भरला, म्हणून तिने तरंगलांबी ०.०४ मीटर घेतली आणि वारंवारिता काढली ८५०० हर्ट्झ. गुणाकार-भागाकारात एकही चूक नव्हती. मी तिला एवढंच म्हटलं, “या वारंवारितेवरून आता दोलनकाळ काढ बरं.” आला ०.१२ मिलिसेकंदाच्याही आत आणि आकृतीतल्या अक्षावर स्पष्ट दिसत होते ४. तिची चूक तिलाच सापडली. कागदावरच्या चार सेंटिमीटरना काही अर्थ नव्हता. आवाजाची नोंद संगणकाच्या पडद्यावर उघडून झूम केलं, की रेघ हवी तेवढी पसरते, पण तिच्याबरोबर खालच्या अक्षावरच्या मिलिसेकंदांच्या खुणाही पसरतात आणि उत्तर हलत नाही.

दोन आकृत्यांमधला फरक पाण्यात सर्वांत स्वच्छ दिसतो. हाच २५० हर्ट्झचा आवाज हवेतून पाण्यात गेला असं समजा. पाण्यात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १४८० मीटर. दर सेकंदाला हवेतून २५० दाट्या पाण्याच्या पृष्ठभागावर पोचतात, तेव्हा पाण्यातही २५०च पुढे जाणार; मधल्या मध्ये एखादी नाहीशी होत नाही की नवी तयार होत नाही. म्हणून वारंवारिता तीच राहते. प्रत्येक दाटी चौपटीहून जास्त वेगाने पळते, म्हणून दोन दाट्यांमधलं अंतर वाढतं: १४८० भागिले २५०, ५.९२ मीटर. हवेतला आणि पाण्यातला आवाज अंतराच्या अक्षावर काढला, तर दुसरी रेघ चांगलीच ताणलेली दिसेल. काळाच्या अक्षावर काढला, तर माथ्यांची उंची वेगळी असेल, पण दोन माथ्यांमध्ये दोन्हीकडे तेच ४ मिलिसेकंद असतील.