इंजिन बंद पडलं तर? सिम्युलेटरवर बसण्याआधी एवढं वाचा

आमच्या वाशीच्या केंद्रात हेलिकॉप्टर सिम्युलेटर चालवायला येणारे बहुतेक जण एक प्रश्न विचारतातच: इंजिन बंद पडलं की हे दगडासारखं खाली येणार ना? तसं होत नाही, पण वैमानिकाचा डावा हात वेळेवर हलला तरच. तुमच्या सत्रात हा प्रसंग आम्ही मुद्दाम आणतो, म्हणून त्यामागचं गणित आधीच सांगून ठेवतो.

आमचा सिम्युलेटर रॉबिन्सन आर४४ या चार आसनी हेलिकॉप्टरसारखा वागतो. त्याच्या डोक्यावरची दोन पाती मिनिटाला साधारण ४०० फेरे घेतात आणि हा वेग उड्डाणात जवळपास तेवढाच ठेवला जातो. वर-खाली होण्यासाठी बदलतो तो पात्यांचा कोन. सीटच्या डाव्या बाजूची कलेक्टिव्ह दांडी वर ओढली की दोन्ही पात्यांचा कोन एकदम वाढतो. पाती हवा जास्त जोराने खाली ढकलतात आणि हेलिकॉप्टर वर उचललं जातं. पण कोन वाढला की हवेचा अडथळाही वाढतो, म्हणून इंजिनाला जास्त जोर लावावा लागतो. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

उजव्या हातातला सायक्लिक पात्याचा कोन प्रत्येक फेरीत जागेनुसार कमी-जास्त करतो. त्यामुळे फिरणारी सगळी चकतीच पुढे, मागे किंवा बाजूला कलते आणि हेलिकॉप्टर त्या दिशेने जातं. नवखी माणसं सायक्लिक घट्ट धरून ढवळतात. त्याला दोन बोटांचा दाब पुरतो.

आर४४ची पाती वरून पाहिल्यास घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतात, म्हणून इंजिनाच्या जोरामुळे हेलिकॉप्टरचं नाक उजवीकडे वळू पाहतं. शेपटीवरचा छोटा पंखा ते आवरतो. त्याचा जोर पायातल्या पेडलने बदलतो. हा पंखा मुख्य रोटरच्या, म्हणजे डोक्यावरच्या फिरत्या पात्यांच्या, गिअरबॉक्सलाच जोडलेला असतो. त्यामुळे इंजिन थांबलं तरी रोटर फिरतोय तोवर तोही फिरतो आणि पेडल काम करतात.

आता प्रसंग. तुम्ही खारघरवर १००० फुटांवर आहात आणि प्रशिक्षक इंजिन बंद करतो. लगेच नाक डावीकडे झटकतं, कारण आवरायला आता इंजिनाचा जोरच उरलेला नसतो. उजवं पेडल दाबायचं. त्याच वेळी एकेरी क्लच रोटरला इंजिनापासून मोकळं करतो. पात्यांचा कोन मात्र अजून मोठाच आहे आणि तो पेलणारं इंजिन नाही, त्यामुळे फेरे झपाट्याने घटतात. ९७ टक्क्यांच्या खाली आले की भोंगा वाजतो. हातात असते एखाद-दुसरी सेकंद. तेवढ्यात कलेक्टिव्ह पूर्ण खाली न्यावा लागतो. उशीर झाला आणि फेरे फार खाली गेले, तर पाती हवेवरची पकडच सोडतात. मग ती परत मिळत नाही.

कलेक्टिव्ह खाली गेला की हेलिकॉप्टर उतरू लागतं आणि हवा रोटरमधून खालून वर जाते. जत्रेतलं भिरभिरं हातात धरून पळालं की आपोआप फिरतं, तसा रोटर आता या हवेवर फिरत राहतो. यालाच ऑटोरोटेशन म्हणतात. सायक्लिकने वेग सुमारे ७० नॉट, म्हणजे ताशी साधारण १३० किलोमीटर ठेवायचा. मिनिटाला दीड हजार फुटांच्या आसपास उतरत असाल तर तुमच्याकडे ४० सेकंद आणि जेमतेम १.४ किलोमीटरचा पल्ला आहे. उतारूंना हे उतरणं वेगवान वाटतं, आणि ते असतंही. सेंट्रल पार्कची मोकळी जागा त्या पल्ल्यात आहे का, आणि वारा कुठून आहे, हे लगेच ठरवायचं. वाऱ्याला तोंड करून उतरलात की जमिनीवरचा वेग कमी पडतो. दूरच्या चांगल्या मैदानाचा मोह नको, जवळचं बरं.

जमिनीपासून सुमारे ४० फुटांवर सायक्लिक मागे ओढून नाक वर करायचं. वेग आणि उतरणं दोन्ही मंदावतात आणि रोटरचे फेरे थोडे वाढतातही. मग ८ फुटांच्या आसपास हेलिकॉप्टर सपाट करून कलेक्टिव्ह वर ओढायचा. रोटरमध्ये साठलेला जोर या एकाच ओढीत खर्च होतो आणि चाकांऐवजी असलेले स्किड हळूच टेकतात. घाबरून ५० फुटांवरच ओढ घेतली तर तो जोर तिथेच संपतो आणि उरलेली उंची खरोखर दगडासारखी कापली जाते. सिम्युलेटरवर सर्वाधिक वेळा हेच होतं.

ऑटोरोटेशनला मर्यादा आहे. उंची किंवा वेग, यांपैकी एक तरी हाताशी हवं. शंभर फुटांवर एका जागी तरंगताना इंजिन गेलं तर रोटर सांभाळायला पुरेशी उंची नसते आणि वेगही नसतो. म्हणून प्रत्येक हेलिकॉप्टरच्या पुस्तिकेत उंची आणि वेगाचा आलेख असतो, आणि त्यातल्या छायांकित भागात विनाकारण थांबायचं नसतं. हेलिकॉप्टर उठल्यावर सरळ वर न जाता आधी पुढे वेग का घेतं, याचं एक कारण हेच.

इंजिन कधी बंद करणार हे प्रशिक्षक आधी सांगणार नाही. डावा हात कलेक्टिव्हवरून काढू नका, मोबाइल बाहेरच्या कपाटात ठेवा.