लग्नापूर्वीची हुंड्याची मागणी

लग्न ठरवताना किंवा साखरपुडा झाल्यावर वरपक्षाने लग्नाच्या संदर्भात पैसा, सोने, वाहन, जमीन किंवा इतर मौल्यवान वस्तू मागणे. हुंडा प्रतिबंधक अधिनियम, १९६१ नुसार अशी नुसती मागणी हाही स्वतंत्र गुन्हा आहे. एक रुपयाही दिला-घेतला गेला नसला तरी तो घडतो. कलम ४ प्रमाणे त्याला सहा महिने ते दोन वर्षे कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड आहे. प्रत्यक्ष देण्याघेण्याला कलम ३ खाली किमान पाच वर्षे कैद सांगितली आहे.

महाराष्ट्रात ही मागणी ‘हुंडा’ या नावाने क्वचितच पुढे येते. बोलणी होतात, बैठक बसते, सुपारी फुटते आणि पुष्कळ समाजांत याद्या केल्या जातात. कोणाचा पोशाख कोणी करायचा, सोने किती तोळे, हॉल आणि जेवणाचा खर्च कोणाकडे, मानपान कोणाचा, हे कागदावर उतरते आणि दोन्हीकडची वडीलमंडळी त्यावर सह्या करतात. याद्या करणे बेकायदेशीर नाही. मात्र त्यात ‘मुलास गाडी’, ‘वरदक्षिणा’ किंवा ‘फ्लॅटसाठी मदत’ असा मजकूर आला, तर कलम ५ नुसार तेवढा करार रद्दबातल ठरतो. त्याच्या आधारे वरपक्षाला काहीही वसूल करता येत नाही. उलट वधूपक्षाच्या हातात मागणीचा लेखी पुरावा येतो. हे मुलाकडच्यांनाही ठाऊक असते. म्हणून जड मागण्या हल्ली याद्यांत न येता मध्यस्थाच्या तोंडून किंवा फोनवरून येतात, आणि तेही हॉलचे आगाऊ पैसे भरून पत्रिका छापून झाल्यावर. ‘आमची काही अपेक्षा नाही, तुमच्या मुलीला काय द्यायचं ते द्या’ हे वाक्य नुसते ऐकून गुन्हा ठरत नाही. त्यामागोमाग आकडा किंवा वस्तूचे नाव आले, की चित्र बदलते.

लग्न झालेलेच नाही, मग ‘वर’ कोण, असा बचाव पूर्वी घेतला जाई. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये एस. गोपाल रेड्डी विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य या निकालात तो फेटाळला. लग्नाआधीची मागणीही कलम ४ मध्ये येते आणि दुसऱ्या बाजूने ती मान्य केलेली असण्याची गरज नाही, असे न्यायालयाने म्हटले. हाच निकाल वकिलांना आणखी एका कारणासाठी लक्षात राहिला: पत्रातील मजकुराचे हस्ताक्षर कोणाचे, यावर केवळ हस्ताक्षरतज्ज्ञाच्या मतावर विसंबता येत नाही, त्याला दुसरा आधार हवा. म्हणजे कायदा बाजूने असूनही पुरावा लंगडा असेल तर खटला उभा राहत नाही. कलम ८-अ मागणी केली नसल्याचे सिद्ध करण्याचा भार आरोपीवर टाकते, पण त्यावर निर्धास्त राहणे शहाणपणाचे नाही. मुळातली हकिकत तक्रारदारालाच उभी करावी लागते.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. साखरपुडा झाला आहे, लग्न सहा आठवड्यांवर आहे. मुलाचे मामा मध्यस्थाला सांगतात, ‘गाडीचे दहा लाख लग्नाआधी द्या, नाहीतर विचार करावा लागेल.’ मुलीचे वडील बहुधा रात्री नातेवाइकांना गोळा करतात आणि कर्जाचा हिशेब मांडतात. त्याऐवजी त्याच दिवशी मुलाच्या वडिलांना व्हॉट्सअ‍ॅपवर लिहावे: ‘आज तुमच्याकडून मध्यस्थांमार्फत गाडीसाठी दहा लाखांची मागणी आली. हे आम्हाला मान्य नाही. आपले म्हणणे कळवावे.’ या तीन ओळींचा उपयोग मोठा असतो. समोरच्याने नाकारले तर मागणी मागे घेतली गेली. ‘समाजात आमची इज्जत काय राहील’ असे उत्तर आले, तर मागणी त्याच्याच शब्दांत नोंदली गेली. काहीच उत्तर आले नाही, तरी तारीख पक्की झाली. संदेश पुसू नयेत आणि मूळ फोन विकू नये. न्यायालयात इलेक्ट्रॉनिक नोंद दाखल करताना भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालचे प्रमाणपत्र लागते, आणि नुसत्या स्क्रीनशॉटवर हरकत घेतली जाते. मध्यस्थाचा जबाब महत्त्वाचा, पण तोच आधी फिरतो. त्यालाही लेखी विचारून ठेवावे.

तक्रार पोलीस ठाण्यात देता येते. अधिकारक्षेत्राचे कारण सांगून ती नाकारता येत नाही. ठाण्यात दाद लागली नाही तर पोलीस अधीक्षकांकडे आणि नंतर दंडाधिकाऱ्यांकडे जाता येते. मुलगी, तिचे आईवडील, नातेवाईक किंवा मान्यताप्राप्त समाजकल्याण संस्था थेट दंडाधिकाऱ्यांकडेही तक्रार करू शकतात. या गुन्ह्यांना मुदतीची अट नाही. मात्र लोकांची एक अपेक्षा येथे फसते. तपास दखलपात्र गुन्ह्यासारखा होतो, पण केवळ या कायद्याखाली वॉरंट किंवा दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय अटक होत नाही. गुन्हा अजामीनपात्र आहे आणि त्यात तडजोड करून तो मिटवता येत नाही, म्हणून ‘थोडं घाबरवायला’ तक्रार देऊ नये. पैसे दिले असतील तर देणाराही कलम ३ खाली दोषी ठरू शकतो, या भीतीने अनेक आईवडील गप्प बसतात. कलम ७ (३) सांगते की पीडित व्यक्तीने दिलेल्या निवेदनावरून तिच्यावरच या कायद्याखाली खटला भरता येणार नाही.

लग्न मोडायचे की नाही, हा निर्णय मुलीचा असायला हवा, आणि बैठकीत तिलाच सगळ्यात शेवटी विचारले जाते. लग्न मोडले तर हॉल व इतर खर्चाची भरपाई दिवाणी मार्गाने मागावी लागते. फौजदारी तक्रारीतून ती आपोआप मिळत नाही.

लग्न करायचेच ठरले तर कायद्याने सांगितलेली दुसरी यादी कामाला येते. १९८५ च्या नियमांनुसार वधूला आणि वराला मिळालेल्या भेटींच्या स्वतंत्र याद्या लग्नाच्या वेळी किंवा त्यानंतर शक्य तितक्या लवकर करायच्या असतात. वस्तूचे थोडक्यात वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचे नाव व नाते लिहून दोघांनी सही करायची. मागणीविना दिलेली, या यादीत नोंदलेली भेट हुंड्याच्या गुन्ह्यातून वगळली जाते. वधूपक्षाकडून आलेली भेट रूढीला धरून आणि देणाऱ्याच्या ऐपतीच्या मानाने बेताची असावी लागते. व्यवहारात ही यादी फार थोडे लोक करतात. रुखवताचे फोटो काढतात, पण सोन्याच्या पावत्या वडिलांच्या नावावर राहतात आणि दागिने सासूच्या लॉकरमध्ये. पावती मुलीच्या नावावर असावी.

लग्नानंतर मागणी सुरू झाली किंवा छळ झाला, तर भारतीय न्याय संहितेचे कलम ८५ लागू होते. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आहे. सासर सोडून माहेरी आलेल्या स्त्रीला माहेरच्या गावीही गुन्हा नोंदवता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये रूपाली देवी प्रकरणात स्पष्ट केले. कौटुंबिक हिंसाचार अधिनियम, २००५ खाली संरक्षण अधिकाऱ्यामार्फत अर्ज केला तर दंडाधिकारी संरक्षणाबरोबर स्त्रीधन परत करण्याचा आदेशही देऊ शकतात, आणि तातडीच्या प्रकरणात समोरच्याला ऐकण्याआधीच अंतरिम आदेश होऊ शकतो. स्त्रीधनावर पूर्ण मालकी स्त्रीची असते, सासरकडे ते केवळ ठेव म्हणून असते, हे १९८५ च्या प्रतिभा राणी निकालाने पक्के केले. लग्नाआधी घेतलेला हुंडाही लग्नापासून तीन महिन्यांत तिच्या नावे करणे घेणाऱ्यावर बंधनकारक आहे.