स्टेजवर मराठी, पडद्यामागे कोंकणी

गोव्यातल्या आमच्या गावात जत्रेला नाटक असतं, मराठी नाटक, आणि त्याची तालीम देवळाच्या सभामंडपात महिनाभर आधीपासून चालते. लहानपणी मी तिथे जाऊन बसायचो. एक माणूस छाती पुढे काढून म्हणायचा, "महाराज, शत्रू वेशीपाशी येऊन ठेपला आहे!" आणि पुढच्याच क्षणाला मान वळवून, "तलवार खंय दवरल्या रे?", म्हणजे कुठे ठेवलीय. तोच माणूस, तोच श्वास, आणि मध्ये काहीच नाही, भाषा मात्र बदललेली. दिग्दर्शक ओरडायचा कोंकणीत, प्रॉम्प्टर वाचायचा मराठीत, चहा मागवायचे कोंकणीत, नारळ ठेवताना दोन शब्द बोलायचे ते मराठीत. कोणाला त्यात काही विचित्र वाटत नव्हतं. मलाही नाही वाटलं, कॉलेजात जाईपर्यंत.

भाषाशास्त्रात या प्रकाराला डायग्लॉसिया म्हणतात. एकाच समाजात दोन भाषारूपं असतात, लोकांना दोन्ही येतात, पण कामं वाटलेली असतात. एक वरची, म्हणजे लिहायची, भाषणाची, देवाची, शाळेची, आणि एक घरची. चार्ल्स फर्ग्युसन नावाच्या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने 1959 साली यावर एक लेख लिहिला आणि चार उदाहरणं घेतली, अरबी, ग्रीक, स्वित्झर्लंडमधली जर्मन आणि हैतीमधली क्रिओल. शब्द त्याच्या आधीपासून होता पण आज आपण ज्या अर्थाने वापरतो तो अर्थ त्याने घट्ट केला.

आता कोणी म्हणेल की यात काय एवढं, पुण्याची मराठी आणि वऱ्हाडी यांच्यातही असंच आहे की. नाही, आणि हा फरकच खरा कळीचा आहे. प्रमाण मराठी कोणाच्या तरी घरात रोज बोलली जाते, पुण्यातल्या काही घरांत पोरं तीच ऐकत मोठी होतात. डायग्लॉसियात वरची भाषा त्या समाजात कोणीच जेवताना, भांडताना, पोराला झोपवताना बोलत नाही. ती मांडीवर शिकत नाहीत, शिकायला बाक लागतो. कैरोतला प्राध्यापक लेक्चर लिखित अरबीत देईल पण घरी जाऊन बायकोशी तीत बोलला तर ती विचारेल तब्येत बरी आहे ना. तुमच्या गावात डायग्लॉसिया आहे का हे ओळखायची सोपी परीक्षा हीच, वरची भाषा स्वयंपाकघरात बोलून बघा आणि समोरच्याचा चेहरा बघा.

आमच्या घरी ही परीक्षा केव्हाच पास झालेली. आजी श्रावणात पोथी वाचायची, मोठ्याने, सुरात, शुद्ध मराठीत. अध्याय संपला की बोट त्याच पानात ठेवून आम्हाला सांगायची, "म्हणजे राजान तिका घरांतल्यान भायर काडली." पोथी मराठी, पोथीचा अर्थ कोंकणी. पत्र लिहायची तर "सौ. कां." पासून "कळावे, लोभ असावा" पर्यंत मराठी, आणि ते पत्र पाकिटात घालताना माझ्या आईला विचारायची "आनीक कितें बरोवं?", म्हणजे आणखी काय लिहू. सत्तर वर्षांच्या आयुष्यात तिने कोंकणीत एक ओळ लिहिली नाही आणि मराठीत कधी भांडली नाही.

ही वाटणी गोव्यात किती जुनी आहे याचा एक फार सुंदर पुरावा आहे. थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज जेझुइट पाद्री 1579 साली गोव्यात आला आणि तिथल्याच सासष्टी भागात चाळीस वर्षं राहिला. बायबलची कथा सांगणारं त्याचं क्रिस्तपुराण 1616 साली रायतूरला छापलं गेलं, जवळजवळ अकरा हजार ओव्या, आणि भाषा मराठी. पण त्याच माणसाने नव्या ख्रिश्चनांना शिकवायला जे प्रश्नोत्तरांचं पुस्तक केलं ते कोंकणीत, ते त्याच्या मृत्यूनंतर 1622 मध्ये छापलं, आणि त्याने लिहिलेलं व्याकरण, तेही कोंकणीचं, 1640 मध्ये आलं. म्हणजे बघा, बाहेरून आलेल्या माणसाने भोवताली कान देऊन ऐकलं आणि त्याला कळलं की इथे पुराण म्हटलं की ओवी आणि ओवी म्हटली की मराठी, पण माणसाला काही समजावून सांगायचं असेल तर कोंकणी. क्रिस्तपुराणाच्या प्रस्तावनेत तो हेही सांगतो की निव्वळ शुद्ध मराठी सामान्य लोकांना कळणार नाही म्हणून त्याने इथल्या बोलीतले सोपे शब्द मिसळले. चारशे वर्षांपूर्वी आमच्या आजीचं बोट त्याने पानावर बघितलं होतं असंच मला वाटतं ते वाचून.

एक अडचण इथे सांगायला हवी. फर्ग्युसनच्या व्याख्येत दोन्ही रूपं एकाच भाषेची असावी लागतात, आणि कोंकणी ही मराठीची बोली नाही, ती स्वतंत्र भाषा आहे, साहित्य अकादमीने 1975 मध्ये तसं मान्य केलं आणि 1992 मध्ये ती आठव्या अनुसूचीत आली. मग गोवा या व्याख्येत बसतो का? 1967 मध्ये जोशुआ फिशमन या दुसऱ्या भाषाशास्त्रज्ञाने व्याख्या सैल केली, भाषा वेगवेगळ्या असल्या तरी कामांची वाटणी तशीच असेल तर तोही डायग्लॉसियाच. त्या अर्थाने गोवा बसतो, आणि एकदा नाही, दोनदा बसतो, कारण पोर्तुगीज राजवटीत ख्रिश्चन घरांत घरची भाषा कोंकणीच होती पण वरची जागा मराठीकडे नव्हती, पोर्तुगीजकडे होती. एकच घरची भाषा आणि डोक्यावर दोन वेगळ्या छत्र्या.

आणि मला वाटतं बोली की भाषा हा आमच्याकडचा सगळा कडवट वाद बऱ्याच अंशी या वाटणीतूनच निघाला. ज्या भाषेकडे लिहायचं काम कधी दिलंच नाही तिच्यात ग्रंथ कमी दिसणार, व्याकरण लोकांना माहीत नसणार, स्पेलिंग प्रत्येकाचं वेगळं असणार, आणि मग त्याच गोष्टी दाखवून म्हणायचं की बघा ही भाषाच नव्हे. फर्ग्युसनने नोंदवलंय की अशा समाजात लोक कधीकधी घरची भाषा आपण बोलतो हेच नाकारतात, रोज बोलत असूनसुद्धा. आमच्याकडे जुनी माणसं "आमची भाषा मराठी" हे वाक्य कोंकणीत म्हणायची, आणि ती खोटं बोलत नव्हती, त्यांच्यासाठी भाषा म्हणजे जी लिहितात ती. जनगणनेत मातृभाषा विचारली की नेमका हाच घोळ होऊ शकतो, माणूस मांडीवरची सांगेल की बाकावरची? 2011 च्या आकड्यांत गोव्यात कोंकणी साधारण 66 टक्के आणि मराठी साधारण 11 टक्के आहे. त्यावरून मराठी पेपर किती घरांत येतो याचा अंदाज करायला जाल तर पार चुकाल, आणि घरात येणारे पेपर मोजून मातृभाषा ठरवायला गेलात तर उलट्या बाजूने चुकाल.

हे नाटकातल्या तालमीइतकंच पेपरातही दिसलं. 16 जानेवारी 1967 ला गोव्यात जनमत कौल झाला, महाराष्ट्रात विलीन व्हायचं की वेगळं राहायचं. विलीनीकरणाच्या विरोधात, कोंकणीच्या बाजूने जो दैनिक पेपर जोरात लढला तो 'राष्ट्रमत', आणि तो मराठीत निघायचा. ज्यांना पटवायचं होतं ते लोक वाचायचे मराठीत, मग कोंकणीची बाजूसुद्धा मराठीतच मांडावी लागली.

आता शब्द बघूया, कारण तिथे ही वाटणी डोळ्यांना दिसते. फर्ग्युसनचं एक छान उदाहरण आहे, ग्रीसमध्ये मेनूकार्डावर वाइनला 'इनोस' लिहिलेलं असायचं आणि गिऱ्हाईक वेटरला सांगायचं 'क्रासी' आण. एकाच वस्तूला दोन रोजचे शब्द, एक वाचायचा आणि एक बोलायचा. आमच्याकडे लग्नपत्रिकेवर "आपली उपस्थिती प्रार्थनीय आहे" आणि ती पत्रिका हातात देताना "लग्नाक येयात हां सगळीं." लिहिताना मासे, बोलताना नुस्तें. लिहिताना भात, ताटात शीत. आणि लिहिताना पाणी, बोलताना उदक. इथे थांबा जरा. मराठीत उदक हा शब्द पूजेचा, संकल्पाचा, एकदम वरच्या फळीवरचा, आणि आमच्याकडे तोच गुरांना पाजायचा, न्हाणीत ओतायचा शब्द, तर पाणी हा पुस्तकी. शब्दात स्वतःमध्ये उंची नसते, ती जागेतून येते, याला याहून चांगला पुरावा मला तरी माहीत नाही.

व्याकरणातही असंच आहे. सर्वसाधारण नियम म्हणून सांगतात की वरच्या भाषेत व्याकरणाचे भेद जास्त असतात आणि घरची सुटसुटीत असते. आमच्याकडे तो पूर्ण लागू पडत नाही. कोंकणीत लहान मुलीला, तरुण मुलीला नपुंसकलिंग लावतात, "तें आयलें", आणि प्रौढ बाईला "ती आयली", हा भेद प्रमाण मराठीत नाही. त्यामुळे तालमीत हमखास होणारी चूक म्हणजे राजकन्येचा प्रवेश झाला की सेवक म्हणायचा "महाराज, ते आलं." मग सगळे हसायचे आणि दिग्दर्शक कोंकणीत समजावायचा की मराठीत राजकन्या 'ती' असते. शिवाय घोडा म्हणताना 'घोडो' निसटायचा. घरची भाषा अशीच वर झिरपते, आधी शेवटच्या स्वरात आणि लिंगात, शब्द नंतर.

ही वाटणी शतकानुशतकं टिकते, पण लिहिता-वाचता येणारे खूप वाढले आणि आपली म्हणून एक भाषा हवी असं लोकांना वाटायला लागलं की ताण येतो, हेही फर्ग्युसनने सांगून ठेवलंय. ग्रीसमध्ये 1901 साली बायबलचं शुभवर्तमान बोलीत छापलं म्हणून अथेन्समध्ये दंगल झाली, आठ माणसं मेली, आणि शेवटी 1976 ला सरकारने वरची ग्रीक काढून बोलीवर आधारलेली ग्रीक शाळांत आणली. गोव्यात 1987 च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोंकणीला राजभाषा केलं आणि मराठीलाही सरकारी कामात वापरायची मुभा ठेवली, त्या आधी झालेल्या आंदोलनाची धग घराघरात होती, आमच्याकडे दोन काका काही महिने एकमेकांशी बोलत नव्हते.

पण कायद्याने जागा एकदम बदलत नाहीत, एकेक करून बदलतात. आमच्या जत्रेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बघतो ना मी, कमिटीची नोटीस येते मराठीत, "सर्व भाविकांना कळविण्यात येते की", त्याखाली पोरं रोमन लिपीत कोंकणी टाइप करतात, "kitlea vorar?", म्हणजे किती वाजता, आणि कोणी वारलं की इंग्रजी. म्हणजे घरची भाषा आता लिहिली जायला लागलीय, जे आजीच्या आयुष्यात झालं नाही, आणि वरच्या जागेवर मराठीच्या शेजारी इंग्रजी येऊन बसलीय. पुतणीच्या लग्नाची पत्रिका इंग्रजीत छापली. चतुर्थीची आरती मात्र अजून मराठीत, त्या पोरांनाही सगळी पाठ. आणि देवळात आरती संपल्यावर गावातला म्हातारा देवाला गाराणं घालतो, कोणाचा पोर आजारी, कोणाचं शेत, तेव्हा ते पाठ केलेलं नसतं, त्या त्या दिवशीचं असतं, आणि तेवढं देवाशीसुद्धा कोंकणीत बोलतात.