आकृतीतील नामनिर्देशांची यादी

हाताने काढलेल्या जीवशास्त्राच्या किंवा भूगोलाच्या आकृतीतली सगळी नावे वेचायची आणि प्रत्येक नाव कोणत्या भागाचे आहे ते त्याच्यापुढे लिहायचे, म्हणजे ही यादी. वर्गात नावाला ‘लेबल’ म्हणतात आणि नाव भागाशी जोडणाऱ्या रेषेला ‘रेघ’ किंवा ‘ॲरो’. इथे तिला निर्देशरेषा म्हटले आहे. जर्नल तपासताना, दृष्टिहीन विद्यार्थ्याला आकृती शब्दांत सांगताना, किंवा नावे झाकून तीच आकृती प्रश्न म्हणून देताना अशी यादी लागते. नाव कशाच्या शेजारी लिहिले आहे याला यादीत किंमत नसते. रेघ कुठे टेकते तेवढेच पाहायचे असते.

ठाणे खाडीच्या काठी, ऐरोलीच्या बाजूला शाळांच्या सहली कांदळवन पाहायला जातात, आणि परतल्यावर वहीत हमखास उमटते ती तिवराची आकृती. यादी करायला शिकण्यासाठी ती चांगली, कारण तिच्यात झाडाचे भाग आहेत आणि भरती-ओहोटीचा भूगोलही. चिखलात प्राणवायू फारसा नसल्याने तिवराची आडवी पसरलेली मुळे पेन्सिलीसारखी उभी श्वसनमुळे चिखलाबाहेर काढतात. त्यांच्यावर बारीक वातरंध्रे असतात. पानांवर क्षारग्रंथी असतात आणि त्या जादाचे मीठ बाहेर टाकतात.

समजा, एका पानभर आकृतीत ही नावे आहेत: पान, क्षारग्रंथी, खोड, श्वसनमुळे, वातरंध्रे, आडवी मुळे, निवटी, चिखल, भरतीची पातळी, ओहोटीची पातळी आणि ‘मीठ’. एकूण अकरा. निवटी हा चिखलात वावरणारा मासा. अर्थ लावण्याआधी मोजणी करावी. वरच्या डाव्या कोपऱ्यापासून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने नावांना पेन्सिलीने बारीक क्रमांक द्यावेत आणि मग निर्देशरेषा वेगळ्या मोजाव्यात. इथे त्या सात भरतात. उरलेल्या चार नावांचा हिशेब लागला पाहिजे. ‘चिखल’ हे त्या भागातच लिहिले आहे. दोन्ही पातळ्यांची नावे आडव्या रेषांच्या टोकाला आहेत, म्हणजे ती रेषाच त्यांचा भाग. झाडाचा कोणताही अवयव नव्हे. ‘मीठ’पाशी बाण आहे, पण तो पानातून निघून बाहेर जातो. ही निर्देशरेषा नाही, क्रियेचा बाण आहे. निर्देशरेषा नावाकडून भागाकडे जाते, क्रियेचा बाण भागाकडून बाहेर किंवा एका भागातून दुसऱ्यात. हा फरक चुकला की यादीत ‘मीठ: पान’ अशी ओळ येते आणि वाचणाऱ्याला पानाचेच नाव मीठ वाटते.

रेघ नेहमी नावाकडून टोकाकडे जात पाहावी. उलट दिशेने पाहिले की डोळा जवळचे नाव पकडतो. देवनागरीत इथे एक खास अडचण येते: शब्दाच्या शिरोरेषेलाच जोडून रेघ काढली की शब्द कुठे संपला आणि रेघ कुठे सुरू झाली ते कळत नाही. रेघ शेजारच्या शब्दाच्या वरून गेली तर ती चक्क त्या शब्दाची शिरोरेषा वाटते. अनुस्वाराचेही तसेच. ‘क्षारग्रंथी’वरचा ठिपका आणि पानावर रेघेच्या टोकाला दिलेला ठिपका फोटोत सारखेच दिसतात. म्हणून फोटो वरून, कागद सपाट ठेवून आणि बाजूच्या उजेडात काढावा, आणि तो पूर्ण काळा-पांढरा करू नये. अशा फोटोत फिकट पेन्सिलीची रेघ आधी जाते. शंका आली तर मूळ कागदच पाहावा.

सर्वात जास्त गोंधळ होतो तो छेदणाऱ्या रेघांनी. या आकृतीत ‘आडवी मुळे’ हे नाव वर उजवीकडे आहे आणि त्याची रेघ खाली चिखलात उतरते. ‘वातरंध्रे’ त्याच्या खाली आहे आणि त्याची रेघ वर चढते. दोन्ही रेघा एका फुलीत छेदतात. छेदबिंदूपाशी डोळा एका रेघेवरून दुसरीवर उडी मारतो आणि नावांची अदलाबदल होते. तिथे पट्टी ठेवावी. पट्टीने ओढलेली रेघ मध्येच वळत नाही, म्हणून सरळ पुढे जाणारे टोकच तिचे. रेघ हाताने काढलेली असेल तर जाडी आणि दाब पाहावा. दोन रेघा एकाच झटक्यात क्वचितच काढल्या जातात. रेघ वाटेत खोडावरून गेली म्हणून खोड तिचा भाग होत नाही. टोक मोकळ्या जागेत थांबले असेल तर त्याच दिशेत रेघ थोडी वाढवून पहिली लागणारी कड घ्यावी आणि शेऱ्यात ‘टोक अपुरे’ लिहावे. दोन कडा सारख्याच अंतरावर असल्या तर दोन्ही लिहाव्यात, ओढूनताणून एक निवडू नये.

पान आणि क्षारग्रंथी यांचा प्रश्न वेगळा. ग्रंथी पानातच असल्याने ‘क्षारग्रंथी’ची रेघ पानाच्या कडेवरच थांबली तर ती पानाकडेच जाते आहे. आतल्या ठिपक्यापर्यंत पोचली असेल तरच ग्रंथी. ‘श्वसनमुळे’ला कंस आहे आणि त्याखाली पाच उभी मुळे येतात, यादीत ‘कंसातील पाच मुळे’ असे लिहावे, नाहीतर वाचणाऱ्याला एकच मूळ समजते.

यादीच्या काही ओळी अशा:

| क्र. | नाव, लिहिले तसे | रेघ कुठे संपते | शेरा |
|---|---|---|---|
| २ | क्षारग्रंथी | पानाची कड | टोक आत नाही |
| ४ | श्वासमुळे | कंसातील पाच मुळे, चिखलावर | कंस. प्रचलित नाव श्वसनमुळे |
| ५ | वातरंघ्रे | उभ्या मुळावरचा ठिपका | ‘ध’ऐवजी ‘घ’. छेद आहे |
| ९ | मीठ | – | क्रियेचा बाण, पानातून बाहेर |

दुसऱ्या रकान्यात शुद्धलेखन सुधारायचे नाही, सुधारणा शेऱ्यात. तिसऱ्या रकान्यातही जे दिसते तेच, जे असायला हवे ते नाही. क्षारग्रंथीची रेघ पानाच्या कडेवर थांबली हे मुलाचे चुकले असेल, पण यादी करणाऱ्याने ती आपणच ठिपक्यापर्यंत नेली तर तपासणाऱ्या शिक्षकाला चूक दिसणारच नाही. म्हणून विषयाचे ज्ञान शेवटी वापरावे, आधी नाही. वातरंध्राची रेघ चिखलाखालच्या मुळाकडे गेलेली यादीत दिसली तर आधी छेदबिंदू पुन्हा पाहावा, कारण वातरंध्रे चिखलाबाहेर असतात. पुन्हा पाहूनही तसेच निघाले तर ती चूक आकृती काढणाऱ्याची, आणि ती तशीच नोंदवावी.

पडताळणीसाठी आकृतीवर ट्रेसिंग पेपर ठेवून फक्त बाह्यरेषा गिरवाव्यात. मग आकृती झाकून, यादी दुसऱ्याच्या हाती द्यावी आणि ‘रेघ कुठे संपते’ हा रकाना वाचून त्याने ट्रेसिंगवर प्रत्येक क्रमांकाचा ठिपका द्यावा. कागद मूळ आकृतीवर ठेवला की जो ठिपका रेघेच्या टोकापासून दूर पडेल, त्या ओळीचे वर्णन अपुरे आहे. ‘मूळ’ एवढेच लिहिलेल्या ओळी इथे हटकून सापडतात. ‘डावीकडून दुसरे उभे मूळ, वरचे टोक’ असे लिहिले की ठिपका जागेवर येतो.