युगांतवादी चळवळी : देवी चळवळ (१९२२-२३), बडोदे संस्थान

सध्याची विस्कटलेली व्यवस्था लवकरच, याच पृथ्वीवर आणि दैवी हस्तक्षेपाने पालटणार, या श्रद्धेवर उभ्या राहिलेल्या सामूहिक चळवळींना युगांतवादी चळवळी म्हणतात. दुष्काळ, साथी, जमीन हातची जाणे, परकी सत्तेचा शिरकाव अशा अरिष्टांच्या काळात त्या वारंवार दिसतात. प्रस्तुत नोंदीत बडोदे संस्थानाच्या नवसारी प्रांतात व शेजारच्या सुरत जिल्ह्यात पसरलेली देवी चळवळ मध्यभागी ठेवून अशा चळवळींच्या तुलनेचे निकष तपासले आहेत. ही चळवळ युगांतवादी होती की नाही याबद्दल अभ्यासकांत एकमत नाही आणि निकष पारखण्यासाठी ती निवडण्याचे कारणही तेच आहे.

बडोद्याच्या मराठी वाचकाला सोनगड म्हटले की पिलाजीराव गायकवाडांचा किल्ला आठवतो. त्या किल्ल्याभोवतीचा सोनगड, व्यारा, महुवा हा मुलूख ‘रानी महाल’ म्हणून ओळखला जाई. वस्ती मुख्यतः चौधरी, गामीत, धोडिया, कोकणा या आदिवासी समाजांची. घरोघरी मोहाच्या फुलांची दारू गाळणे आणि ताडी उतरवणे हा तेथील जुना परिपाठ होता, आणि देवाला धार घातल्याशिवाय कोणताही विधी पुरा होत नसे. १८७८च्या मुंबई अबकारी कायद्याने इंग्रजी हद्दीत घरगुती भट्ट्या बेकायदेशीर ठरल्या. पुढील काळात बडोदे संस्थाननेही शेजारच्या इलाख्याशी जुळणारी व्यवस्था स्वीकारली. जी वस्तू अंगणात तयार होत असे ती आता मक्तेदाराच्या दुकानातून, बहुधा उधारीवर, घ्यावी लागू लागली. दुकाने प्रामुख्याने पारशी मक्तेदारांच्या हाती होती. उधारी फिटेना, तेव्हा जमिनी त्यांच्याकडे गेल्या आणि पूर्वीचा खातेदार त्याच शेतावर मजूर म्हणून राबू लागला.

उगम. देवीचा उगम हा या विषयातील सर्वांत वादाचा भाग आहे. डेव्हिड हार्डिमन यांनी सरकारी दप्तर व गावोगावच्या मुलाखती यांच्या आधारे मांडलेले मत (१९८७) आज बहुतेकांना ग्राह्य वाटते. त्यानुसार आरंभ रानी महालात झाला नाही. तो १९२२च्या पूर्वार्धात पालघरच्या किनाऱ्यावरील कोळी वस्त्यांत झाला. तेथे देवीच्या रोगाची साथ आली होती. साथ म्हणजे बयेचा कोप असे मानून तिला शांत करण्याचे विधी सुरू झाले. ज्यांच्या अंगात बया आली त्यांनी मासे, मांस व दारू सोडण्याची आज्ञा दिली. या भागात रोगदेवतेला वाजतगाजत गावाच्या शिवेपार पोचवण्याचा ‘गौला’ नावाचा विधी रूढ होता. एका गावाने शिवेवर सोडलेली देवी पुढच्या गावाने उचलायची आणि आपल्या पलीकडच्या शिवेपर्यंत न्यायची. त्यामुळे देवीला वाट मुळातच तयार होती. किनाऱ्यावरून ती घाटाकडे, सुरगाणा-धरमपूरच्या डोंगराळ भागात, तेथून डांगात आणि पावसाळ्यानंतर सुरत जिल्हा व नवसारी प्रांतात उतरली.

चळवळीमागे काँग्रेसचे कार्यकर्ते असल्याचा संशय काही अधिकाऱ्यांना होता. कालक्रम पाहता तो टिकत नाही. बारडोलीचे कार्यकर्ते देवीच्या मागाहून आले. तिच्या आधी ते तेथे नव्हते. ही चळवळ म्हणजे उच्चवर्णीयांच्या आचाराचे अनुकरण, हे दुसरे स्पष्टीकरणही अपुरे आहे. स्नान, शाकाहार व मद्यत्याग यांत अनुकरण दिसते खरे, पण दारू विकणाऱ्याच्या शेतावर कामाला न जाण्याची आज्ञा कोणत्याही उच्चवर्णीय आचारातून आलेली नाही.

स्वरूप. नोव्हेंबर १९२२मध्ये सुरत जिल्ह्याच्या पूर्व भागात खानपूर गावाबाहेरच्या शेतात सुमारे दोन हजार आदिवासी सलाबाई नावाच्या नव्या देवीची आज्ञा ऐकायला जमले. अशा सभांचा साचा बहुतेक ठिकाणी सारखा होता. मांडवाखाली देवीची माध्यमे हाती लाल फडके घेऊन बसत. अंगात वारे आले की डोके घुमवत व फडके हलवत एकेक आज्ञा सांगितली जाई: दारू-ताडी सोडा, मांस-मासे सोडा, रोज अंघोळ करा, घर-अंगण स्वच्छ ठेवा, पारशांकडे कामाला जाऊ नका. कोंबड्या-बकऱ्या विकून टाकण्याची किंवा सोडून देण्याची आज्ञाही होती. शेवटी सर्वांचे एकत्र जेवण होई आणि माध्यमे पुढच्या गावाकडे निघत. इंग्रजी व संस्थानी गावे एकमेकांत मिसळलेली असल्याने देवीला राज्याची हद्द आड येत नव्हती.

हिवाळा सरता सरता आज्ञांत भर पडली. गांधींच्या नावाने शपथ घ्या, खादी वापरा असे माध्यमे सांगू लागली. विहिरीत डोकावले की गांधी चरख्यावर सूत कातताना दिसतात, अशा वार्ता पसरल्या. गांधी तेव्हा येरवड्याच्या तुरुंगात होते, हे ध्यानात घेतले म्हणजे या वार्तांचा अर्थ लागतो. जानेवारी १९२३मध्ये बडोदे हद्दीतील महुवा तालुक्यात शेखपूर येथे मोठी परिषद भरली. वल्लभभाई पटेल तिचे अध्यक्ष होते आणि कस्तुरबा गांधी उपस्थित होत्या.

तुलनेचे निकष. नॉर्मन कोन यांनी मध्ययुगीन युरोपच्या अभ्यासातून (१९५७) पाच लक्षणे सांगितली: अपेक्षित मुक्ती सामूहिक, ऐहिक, नजीकची, समग्र आणि चमत्काराने घडणारी असावी. देवी चळवळीला ही कसोटी लावली तर निकाल संमिश्र येतो. मुक्ती सामूहिक व ऐहिक होती, कारण गावच्या गाव शपथ घेत होते आणि सुख याच जन्मी अपेक्षित होते. चमत्काराचा अंशही होता. परंतु जगबुडीची वा नव्या युगाची तिथी कोणी सांगितली नाही. सारी व्यवस्था उलथेल असेही वचन नव्हते. एका विशिष्ट बंधनातून, म्हणजे दारू, उधारी व मजुरी या साखळीतून, सुटण्याचा मार्ग दाखवला गेला. मुख्य म्हणजे कर्ते लोक स्वतः होते. देवी आज्ञा देई, पण पेला लोकांनाच खाली ठेवायचा होता.

शेजारच्या पंचमहालातील नायकडा या आदिवासी समाजाच्या उठावाशी तुलना केली की हा फरक ठळक होतो. पंचमहाल हा पूर्वी ग्वाल्हेरच्या शिंद्यांचा मुलूख; १८५३मध्ये त्याचा कारभार इंग्रजांकडे आला. १८६८च्या आरंभी जांबुघोड्याच्या परिसरात वडेक गावचा जोरिया हा नायकडा भगत ‘परमेश्वर’ म्हणून पुजला जाऊ लागला. पूर्वी बंडात असलेला रूपसिंग गोबर त्याच्यासोबत राजा म्हणून पुढे आला. दोघांनी धर्मराज्य स्थापल्याचे जाहीर करून राजगड व जांबुघोडा येथील ठाण्यांवर हल्ले केले. फेब्रुवारीतच त्यांचा पाडाव झाला आणि पुढे दोघांना फाशी देण्यात आली. येथे देवत्व एका व्यक्तीत एकवटले होते, प्रतिराज्य उघड होते आणि व्यवस्था समूळ बदलणार होती. स्टीफन फुक्स यांनी (१९६५) भारतातील अशा अनेक चळवळी ‘बंडखोर प्रेषितां’च्या एका वर्गात घेतल्या आहेत. नायकडा उठाव त्या वर्गात नीट बसतो. देवी चळवळीत मात्र प्रेषितच नाही. माध्यमे शेकडो होती आणि कोणीही कायमचा पुढारी झाला नाही. पकडायला कोणी एक म्होरक्या नसल्याने ती एका हल्ल्यात मोडण्याजोगी नव्हती.

या दोहोंच्या मध्ये गोविंदगिरी यांची चळवळ ठेवता येईल. डुंगरपूर-बांसवाड्याच्या भिल्लांत त्यांनी आरंभी दारू-मांस वर्ज्य करण्याचा व धुनी पेटवण्याचा उपदेश केला. १७ नोव्हेंबर १९१३ रोजी मानगड टेकडीवर जमलेल्या भक्तांवर गोळीबार झाला. मृतांच्या आकड्याबाबत सरकारी कागद व लोकस्मृती यांत फार मोठे अंतर आहे. आचारशुद्धीपासून निघालेली चळवळ राज्याच्या मागणीपर्यंत कशी जाते, हे या उदाहरणात दिसते. म्हणून चळवळीला एक नाव देऊन वर्गात टाकण्यापेक्षा तिचा टप्पा नोंदवणे अधिक उपयोगी ठरते.

चळवळी अरिष्टाच्या काळात उद्भवतात, या निकषाबाबतही असेच काटेकोर राहावे लागते. चळवळ झाली म्हणजे अरिष्ट असलेच पाहिजे, असे धरून चालले की युक्तिवाद स्वतःभोवती फिरतो. अरिष्टाचा पुरावा चळवळीबाहेरून मिळाला पाहिजे: साथीच्या नोंदी, जमिनीच्या हस्तांतराचे कागद, अबकारीचे उत्पन्न. देवी चळवळीत तो मिळतो, पण एकच नाही. किनाऱ्यावरचे अरिष्ट रोगाचे होते. देवी व्याऱ्याच्या बाजूला पोचली तेव्हा पुढे आला तो मक्तेदार. साथीने चळवळीचा जन्म समजतो, प्रसार समजत नाही. आज्ञांच्या यादीतला बदल ठिकाणागणिक मांडला की कोणत्या भागाला काय सलत होते ते कळते. किनाऱ्यावर बयेचा कोप मध्यभागी आहे, तर रानी महालात मजुरीवरील बहिष्कार. आपल्याला मिळायला हवे त्यापेक्षा कमी मिळते या भावनेतून चळवळी उभ्या राहतात असे मानणारे सापेक्ष वंचिततेचे सर्वसाधारण सिद्धांत हा फरक टिपत नाहीत, कारण वंचितता दोन्हीकडे होती.

ओसरल्यानंतर. युगांतवादी चळवळीत भाकीत खोटे ठरले की काय होते, हा नेहमीचा प्रश्न असतो. येथे तिथीच नसल्याने भाकीत खोटे ठरण्याचा क्षण आला नाही; शपथ मोडण्याचा आला. १९२३मध्ये अनेक गावे दोन तटांत विभागली. शपथ पाळणारे ते ‘वरजेला’ आणि पुन्हा दारू-मांसाकडे वळलेले ते ‘सरजेला’. ज्या चौधरी कुटुंबांकडे स्वतःची जमीन होती, त्यांना बहिष्कार निभावणे तुलनेने सोपे गेले असावे. ज्यांची चूल मक्तेदाराच्या मजुरीवर पेटत होती, त्यांना ते फार काळ शक्य नव्हते. वरजेल्यांतून पुढे खादी व आश्रमशाळांचे काम उभे राहिले. वेडछी हे त्याचे केंद्र झाले आणि १९२५मध्ये गांधी तेथील परिषदेला आले. याच काळात या आदिवासींसाठी वापरले जाणारे ‘काळीपरज’ हे हिणवणारे नाव मागे पडून ‘रानीपरज’ हे नाव रूढ झाले.

माध्यमांचे स्वतःचे शब्द मात्र फार थोडे उरले आहेत. अबकारी व पोलिसी कागद, मक्तेदारांच्या तक्रारी आणि कार्यकर्त्यांची वृत्ते यांत आज्ञा सापडतात, त्या देणारी माणसे क्वचितच. स्त्री-माध्यमांबद्दल तर त्याहून कमी लिहिले गेले आहे.