लाइव्ह लोकेशन (चॅटमधील)

चॅटमधील लाइव्ह लोकेशन म्हणजे आपल्या फोनचे बदलते स्थान ठरावीक काळापुरते एखाद्या व्यक्तीला किंवा ग्रुपला नकाशावर दिसू देण्याची सोय. साध्या लोकेशनच्या संदेशात पाठवण्याच्या क्षणाचा एकच बिंदू असतो आणि तो पुढे बदलत नाही. लाइव्ह लोकेशनमध्ये संदेश एकच असतो, पण त्यातील बिंदू फोनबरोबर सरकत राहतो. ही सोय व्हॉट्सॲपने ऑक्टोबर २०१७ मध्ये जाहीर केली आणि टेलिग्राममध्येही ती त्याच महिन्यात आली. पुढील विवेचन मुख्यतः व्हॉट्सॲपविषयी असून टेलिग्रामचा उल्लेख जिथे फरक महत्त्वाचा आहे तिथेच केला आहे.

व्हॉट्सॲपवर लाइव्ह लोकेशन पाठवताना १५ मिनिटे, १ तास किंवा ८ तास यांपैकी एक मुदत निवडावीच लागते. मुदतीशिवाय ते सुरूच होत नाही. मुदत संपली की फोन स्थान पाठवणे थांबवतो आणि पाहणाऱ्याच्या चॅटमध्ये त्या संदेशाखाली `Live location ended` असे दिसू लागते. यात बिघाड काहीच नसतो. पाठवणाऱ्याने जी परवानगी दिली तीच तेवढ्या वेळेची होती, आणि ती वाढवून हवी असल्यास लोकेशन नव्याने पाठवावे लागते. मुदतीमागचे मुख्य कारण विस्मरण हे आहे. प्रवासाच्या गडबडीत सुरू केलेली गोष्ट मुक्कामाला पोहोचल्यावर बंद करण्याचे लक्षात राहतेच असे नाही, आणि मुदत नसती तर ग्रुपमधल्या सर्वांना त्या व्यक्तीचे घर, कचेरी आणि दिनक्रम दिवसेंदिवस दिसत राहिला असता. जीपीएस आणि नेटवर्क सतत वापरल्याने बॅटरीवर पडणारा ताण हे दुसरे, तुलनेने लहान कारण आहे. टेलिग्रामने पुढे स्वतः बंद करेपर्यंत चालू राहणारा पर्यायही दिला. तिथे लक्षात ठेवण्याची जबाबदारी पूर्णपणे पाठवणाऱ्यावर येते.

मुदत संपल्यावर नेमके काय उरते, हे एका प्रवासाच्या उदाहरणावरून स्पष्ट होईल. एक महिला पुण्यात स्वारगेटहून सकाळी ८ वाजता मोटारीने कोल्हापूरला निघते आणि घरच्या ग्रुपवर १ तासाचे लाइव्ह लोकेशन पाठवते. ८ वाजून ५६ मिनिटांनी, शिरवळच्या आसपास, तिच्या फोनवरून शेवटचे स्थान पोहोचते. त्यानंतर नेटवर्क जाते आणि ९ वाजता मुदत संपते. घरच्यांच्या चॅटमध्ये आता नकाशाचे एक लहान स्थिर चित्र आहे, आणि त्यात स्वारगेट दिसते, कारण ते चित्र पहिल्या संदेशाबरोबरच आलेले असते व नंतर बदलत नाही. त्या चित्रावर टॅप केले तर शेवटचे पोहोचलेले स्थान, म्हणजे शिरवळ, दिसते. एवढे दोनच बिंदू उरतात. ती खेड शिवापूरला चहासाठी थांबली का, किंवा नसरापूर फाट्यावरून आत बनेश्वरला जाऊन आली का, हे त्या संदेशातून कधीच कळणार नाही. बंद चित्रात स्वारगेटच दिसत असल्यामुळे ‘ती अजून निघालीच नाही’ असा गैरसमज होणे मात्र सहज शक्य आहे. म्हणून टॅप करून आतला बिंदू आणि तो केव्हाचा आहे ती वेळ पाहणे आवश्यक ठरते.

मधला मार्ग उरत नाही याचे कारण या सोयीच्या घडणीतच आहे. प्रत्येक नवे स्थान आधीच्या स्थानाची जागा घेते. ॲप बिंदूंना जोडणारी रेषा काढत नाही आणि जुने बिंदू पाहण्याची सोयही देत नाही. व्हॉट्सॲपवरील ही स्थाने पाठवणाऱ्याच्या फोनवरच कुलूपबंद होतात आणि पाहणाऱ्याच्या फोनवरच उघडतात, त्यामुळे मधल्या सर्व्हरला ती वाचता येत नाहीत. दर नव्या स्थानासाठी किल्लीही नवी असते व ती आधीच्या किल्लीपासून तयार होते. साध्या संदेशांत ही किल्ल्यांची साखळी एकेक पायरीने पुढे जाते. लाइव्ह लोकेशनमध्ये मात्र वाटेतली अनेक स्थाने पोहोचणारच नाहीत हे गृहीत धरले आहे, आणि शेकडो पायऱ्या ओलांडून थेट ताज्या किल्लीपर्यंत झटपट उडी मारता येईल अशी वेगळी रचना व्हॉट्सॲपने त्यासाठी केली आहे. घाटात नेटवर्क गेल्यावर नकाशावरचा बिंदू गोठतो आणि पलीकडे बाहेर पडताच एकदम कित्येक किलोमीटर पुढे दिसतो, त्यामागे हेच आहे. जी व्यवस्था मधले बिंदू गळणे मुळातच मान्य करते, तिच्याकडून मार्गाच्या नोंदवहीची अपेक्षा ठेवणे चूक आहे.

बिंदू गोठणे आणि मुदत संपणे या दोन वेगळ्या घटना आहेत. चॅटमधल्या त्या संदेशावर अजून मुदत बाकी दिसत असेल, पण स्थान बऱ्याच मिनिटांपूर्वीचे असेल, तर नेटवर्क नाही, फोन बंद पडला आहे, किंवा बॅटरी वाचवण्याच्या सेटिंगने ॲपला पार्श्वभूमीत काम करू दिलेले नाही, असे समजावे. ॲपला स्थान पाहण्याची परवानगी केवळ वापरात असतानाच दिली असेल तरीही असे होऊ शकते. नेमून दिलेल्या वेळेच्या आधीच तो संदेश लाइव्ह लोकेशन संपल्याचे दाखवत असेल, तर पाठवणाऱ्याने ते स्वतः थांबवले असण्याची शक्यता अधिक असते. आपले स्थान सध्या कोणाकोणाला दिसत आहे, हे व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये `Privacy` व त्याखालील `Live location` येथे पाहता येते आणि तिथूनच बंदही करता येते.

मार्ग उरत नाही हे विधान चॅटपुरतेच खरे आहे. पाहणारा मुदत चालू असताना वेळोवेळी स्क्रीनशॉट घेऊ शकतो किंवा स्क्रीन रेकॉर्ड करू शकतो, आणि ते पाठवणाऱ्याला कळत नाही. टेलिग्रामच्या साध्या चॅटमध्ये दोन टोकांमधले असे कुलूप नसते. तिथे लाइव्ह लोकेशन हा वारंवार संपादित होणारा संदेश असतो. चॅटमध्ये ताजे स्थानच दिसते, पण ते एखाद्या बॉटला, म्हणजे प्रोग्रॅमने आपोआप चालणाऱ्या खात्याला, पाठवले असेल तर प्रत्येक बदल त्याच्याकडे `edited_message` म्हणून स्वतंत्रपणे पोहोचतो आणि बॉट चालवणाऱ्याला त्यांतून सबंध मार्ग साठवता येतो. शिवाय फोनवर गूगल मॅप्सची टाइमलाइन चालू असेल तर त्याच प्रवासाची रेषा तिथे नोंदली जाते. तिचा चॅटशी काही संबंध नाही. लाइव्ह लोकेशन थांबवल्याने ती थांबत नाही, आणि ती पुसल्याने चॅटमधले दोन बिंदू जात नाहीत.

स्थिर बिंदू आणि सतत दिसणारे स्थान यांतील भेद भारतात न्यायालयासमोरही आला आहे. अमली पदार्थांच्या एका प्रकरणात आरोपीने गूगल मॅप्सवर पिन टाकून आपले स्थान तपास अधिकाऱ्याला उपलब्ध ठेवावे, अशी जामिनाची अट घालण्यात आली होती. सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. अभय ओक आणि न्या. उज्ज्वल भुयान यांच्या पीठाने ८ जुलै २०२४ रोजी ती रद्द केली. पिनमुळे प्रत्यक्ष हालचाल दिसतच नाही हे गूगलने न्यायालयाला सांगितले होते. आणि आरोपीच्या हालचालींवर सतत पाळत ठेवू देणारी कोणतीही अट संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील खासगीपणाच्या हक्काचा भंग ठरते, असे पीठाने म्हटले.