पेट्रोलची वर्गणी की सीटचं भाडं?

ऑफिसच्या ग्रुपवर दोन तऱ्हेचे मेसेज येतात. वरवर सारखेच दिसतात, पण हिशेब वेगळा असतो.

पहिला: 'कोथरूड ते हिंजवडी, सीट रिकामी, जाऊन-येऊन १०० रुपये.'

दुसरा: 'सोमवारपासून कोथरूड–हिंजवडी. गाडी निघेल: कोथरूड डेपो ८:००, चांदणी चौक बावधनच्या बाजूला ८:१०, सूस पूल ८:२०. परत ६:३०, गेट एक. पेट्रोल चौघांत सारखं.'

समजा, जाऊन-येऊन ४० किलोमीटर आहेत. गर्दीत गाडी लिटरला १५ देते आणि पेट्रोल १०५ रुपये धरलं, तर दिवसाचे साधारण २८० होतात. चौघांत, म्हणजे गाडीवाल्यासकट, प्रत्येकी ७०. पहिल्या मेसेजमध्ये तीन सीट भरल्या की ३०० जमतात. गाडीवाल्याचं पेट्रोल फुकट आणि वर वीस रुपये. रक्कम किरकोळ असली तरी ते भाडं झालं. पांढऱ्या पाटीच्या खासगी गाडीला भाडं घेण्याचा परवाना नसतो. शिवाय खासगी गाडीच्या विम्यात भाड्याने वापर वगळलेला असतो, त्यामुळे अपघात झाला की क्लेम अडकू शकतो. म्हणून गाडीवाल्याने स्वतःला भागीदारांत मोजलंय का, हे मी आधी बघते. सर्व्हिसिंग आणि टायरची झीज धरायचीच असेल तर किलोमीटरमागे किती, ते आधीच सर्वांना सांगून ठरवावं. पण गाडीवाल्याचाही वाटा त्यात हवाच.

खरी भांडणं होतात ती गैरहजेरीवरून. भाड्यात 'आलो नाही, पैसे नाहीत' हे चालतं. वर्गणीत एकजण गळला की उरलेल्या तिघांवर ९३ रुपये येतात, कारण गाडी तेवढंच पेट्रोल पिते. म्हणून मेसेजमध्ये एवढं हवंच: 'आदल्या रात्री नऊपर्यंत कळवलं तर वाटा नाही, नंतर कळवलं तर द्यायचा.' घेतलेला वाटा त्या दिवशीच्या पेट्रोलमध्येच वळता व्हावा, गाडीवाल्याच्या खिशात जाऊ नये. उशिराच्या दंडाचंही तसंच, तो न ठेवलेलाच बरा.

उशिरासाठी एकच नियम पुरतो: दिलेली वेळ निघण्याची, तिथे थांबायचं तीन मिनिटं, मग गाडी जाते. 'आलोच, लिफ्टमध्ये आहे' हा मेसेज मुदत वाढवत नाही. डेपोवर पाच मिनिटं गेली की सूस पुलावरचा माणूस पाच मिनिटं उन्हात उभा राहतो, आणि त्याला कुणी विचारलेलं नसतं. निघून गेलेल्या गाडीतला वाटा मात्र उशीर करणाऱ्याने भरायचाच, कारण त्याची जागा दुसऱ्या कुणाला देता आलेली नसते.

गाडीवाल्यालाही तीच नऊची मुदत लावा. सकाळी सातला 'आज सुट्टीवर आहे' असं त्याने लिहिलं, तर तिघांच्या रिक्षाच्या बिलात त्यानेही आपला वाटा घालावा.